‘ऊस डोंगा परी’ नववीतल्या मुलीला ओळीओळीनं कसा सांगावा?

तुळशीवृंदावन
यंदा गावच्या सप्ताहात मुलांना एकेक अभंग वाटून दिलाय. आधी म्हणायचा आणि मग पाच मिनिटांत साध्या मराठीत अर्थ सांगायचा. भाचीच्या वाट्याला चोखोबांचा आलाय:

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥
कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥
नदी डोंगी परी जळ नोहे डोंगे । काय भुललासी वरलिया रंगा ॥
चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा । काय भुललासी वरलिया रंगा ॥

“यात अवघड काहीच नाही, सगळे शब्द मला येतात,” असं म्हणून तिनं एका बैठकीत अर्थ लिहून टाकला. जसाच्या तसा देते:

“उसाची होडी बनते पण रसाची होडी बनत नाही. वरच्या रंगाला तू का विसरलास? कमानीजवळ छोटी होडी आहे पण काठावर मोठी होडी नाही. नदीत छोटी होडी आहे पण पाण्याची होडी नसते. चोखोबा होडीसारखे होते पण त्यांना भाव नव्हता.”

हसून घ्या एकदा. मग सांगा, कुठून सुरुवात करू? मला अर्थ ढोबळ माहीत आहे, पण तिच्या प्रश्नांपुढं तो टिकत नाही.

धानाची_बांधी
पोरीचं काय चुकलं? आमच्याकडं वैनगंगेच्या काठी डोंगा म्हणजे होडीच. ढिवर लोक डोंगा घेऊनच मासोळीला जातात. भंडाऱ्या-गडचिरोलीकडच्या कोणत्याही पोराला विचारा, हाच अर्थ सांगेल.

निवृत्त_खडू
धानाची_बांधी म्हणतात ते खरं आहे, म्हणून तर हा अभंग विदर्भातल्या मुलांना जास्त फसवतो. होडी या अर्थाचा डोंगा वेगळा आणि इथला डोंगा वेगळा. इथं डोंगा म्हणजे वाकडा, बाक आलेला.

पण ताई, तिला नुसतं “डोंगा म्हणजे वाकडा” असं सांगू नका. ती वहीत लिहून घेईल आणि विसरेल. तिच्याकडूनच शोधून घ्या. चारही ओळींत या शब्दाचं रूप कसं बदलतं ते पाहायला सांगा. ऊस डोंगा, कमान डोंगी, जळ डोंगे. आता त्या जागी “काळा” घालून वाचायचं: ऊस काळा, कमान काळी, जळ काळे. बरोबर बसलं. म्हणजे हा शब्द वस्तूचं नाव नाही, वस्तू कशी आहे ते सांगणारा आहे. आधीच्या नामाचं लिंग बदललं की हा बदलतो. होडीच असती तर “रस नोहे डोंगा” आणि “जळ नोहे डोंगे” असा फरक पडायचं कारणच नव्हतं. तिनं डोंगीला छोटी होडी आणि डोंग्याला मोठी होडी करून टाकलंय, म्हणजे फरक तिच्या लक्षात आलाय, फक्त कारण वेगळं लावलंय. पोरगी बारीक वाचते.

वऱ्हाडी_ठेचा
मले तर “काऊन विसरलास” यानं लय हसू आलं. आपल्याकडं भुलणं म्हंजे विसरणंच ना बाप्पा. “मी चावी घरीच भुलली” असंच म्हनतात सारे. पोट्टीनं तेच केलं. अन् त्यानं अर्थ सारा उलटा झाला पाहा. चोखोबा म्हंतात वरच्या रंगाले भुलू नको, अन् ही म्हंते वरचा रंग विसरू नको!

निवृत्त_खडू
ठेचाभाऊंनी नेमकं पकडलं. इथं भुलणे म्हणजे मोहात पडून फसणे, जसं चकवा लागल्यावर माणूस वाट भुलतो. “भुललासी” म्हणजे आजचं “भुललास”, शेवटचा “सी” हा तू-साठी आहे. सुरुवातीचं “काय” म्हणजे “का, कशाला”. वऱ्हाडीतलं “काऊन” तिथं चपखल बसतं.

“वरलिया रंगा” म्हणजे वरच्या रंगाला. जुन्या मराठीत “ला” न लावता नुसत्या “रंगा”वर काम भागायचं. “गावा गेला” म्हणजे गावाला गेला, तसंच हे. आणि “वरला” शब्द तर वऱ्हाडात अजून जिवंत आहे, वरला मजला, वरली आळी. तेव्हा ती ओळ तिला आधी वऱ्हाडीत म्हणू द्या: “काऊन भुललास वरच्या रंगाले?” मग प्रमाण मराठीत. मधली पायरी घरच्या बोलीची असली की मूल अडखळत नाही.

उसळपाव
ऊस चोखा, कमान चोखा, नदी चोखा... चौथ्या ओळीत मी अजूनही “ऊस चोखा” असंच वाचतो. लहान पोरांना नाव आणि आज्ञा यात फरक कळत नाही, आणि ऊस पहिल्याच ओळीत तयार!

तुळशीवृंदावन
उसळपाव, धाकट्या भाच्यानं हेच विचारलं होतं. इथं लिहायची हिंमत झाली नाही.

सूरपेटी
ताई, याची चाल कोणती घ्यावी? भजनी ठेक्यात बसवायचा असेल तर काळी दोनवर मुलीचा आवाज जाईल का? भैरवीत फार छान लागतो हा.

तुळशीवृंदावन
दादा, चाल ठरेल नंतर. सध्या अर्थावर अडलोय.

टाळकरी_मंडळ
अर्थाआधी अभंगाची मोजणी शिकवा, त्याशिवाय पोरांना तोडायचं कुठं ते कळत नाही. अभंग म्हणजे सहा-सहा-सहा-चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. तेवढं पाठ केलं की कोणताही अभंग बरोबर तोडता येतो.

निवृत्त_खडू
मंडळ, ती झाली मोठ्या अभंगाची नेहमीची मोजणी. लहान अभंगात आठ-आठ अक्षरं येतात. हा अभंग तुमच्या मापात बसतो का, तेवढं मोजून पाहा.

टाळकरी_मंडळ
ऊ-स-डों-गा-प-री सहा. र-स-नो-हे-डों-गा सहा. का-य-भु-ल-ला-सी सहा. व-र-लि-या-रं-गा... हेही सहाच की! म्हणजे चारी तुकडे सहाचे. बरं, तोडायच्या जागा तर त्याच राहिल्या.

निवृत्त_खडू
हो, आणि त्या जागा उपयोगाच्याच आहेत. “परी”वर थांबायचं. परी म्हणजे पण. ओळ तिथं वळते: आधी बाहेरचं रूप, नंतर आतलं. मुलं बहुतेक “ऊस डोंगा” एवढ्यावरच थांबतात आणि “परी रस” एका दमात म्हणून जातात, मग ऐकणाऱ्याला “परी रस” नावाचा काहीतरी रस आहे असं वाटतं.

एक गंमत तिला मोजू द्या. “कमान डोंगी परी” यात सात अक्षरं भरतात, एक जास्त. म्हणताना “कमान” जरा घाईनं घ्यावं लागतं. आणि तिसऱ्या ओळीत यमक सुटतं. “डोंगे” आणि “रंगा” जुळत नाही, कारण जळ नपुंसकलिंगी, तिथं “डोंगा” म्हणताच येत नाही. तिथं यमकाला व्याकरणापुढं माघार घ्यावी लागली.

पुसद_रोड
माझा प्रश्न सरळ उसाचा आहे. आमच्या भागात, उमरखेड-महागावकडं, ऊस चांगलाच होतो. वाऱ्यानं लोळलेल्या उसाला उतारा कमी येतो, हे कोणताही ऊसवाला सांगेल. जमिनीला टेकला की कांड्यांवर डोळे फुटतात, उंदीर लागतो, साखर उतरते. मग “ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा” हे शेतीच्या हिशोबानं चूक नाही का? आमच्या पोरांनी हे विचारलं तर काय सांगावं?

तुळशीवृंदावन
बाप रे, हे तिच्याही डोक्यात येईल. तिच्या वडिलांचा ऊसच आहे.

धानाची_बांधी
लोळलेला वेगळा, वाकलेला वेगळा. डोंगा म्हणजे बाक आलेला, पडलेला नव्हे. उभ्या फडातही एखादा ऊस उजेडाकडं वाकून वाढतो. रसवंतीवाला तो कधी बाजूला काढतो काय? वाकडी कांडी चरकात घालायला जरा त्रास देते, दोनदा दाबून घालावी लागते एवढंच. पेल्यात आलेला रस सरळ उसाचा कोणता न् वाकड्याचा कोणता, कोणी सांगून दाखवावं.

पुसद_रोड
चरकाचं मान्य. “पडलेला नव्हे” हेही पटलं. तरी लोळलेल्या उसाचं माझं म्हणणं कायम आहे.

निवृत्त_खडू
पुसद_रोडांचा आक्षेप तिनं भाषणात स्वतःच घ्यावा. समोर शेतकरीच बसलेले असणार. “लोळलेल्या उसाचं चोखोबा बोलत नाहीत, वाकलेल्या उसाचं बोलतात” हे एक वाक्य पुरेसं आहे. कोणी मागून उठून विचारायच्या आत उत्तर देऊन झालेलं असेल.

तुळशीवृंदावन
पहिली ओळ झाली. दुसरीवर तिचा प्रश्न: कमान म्हणजे गावच्या वेशीवर नाव लिहिलेली असते ती ना? आणि तीर म्हणजे काठ. नदी तर खालच्याच ओळीत आहे, मग काठच असणार! तिचं म्हणणं वाचलं तर अगदी सुसंगत वाटतं. होडी, काठ, नदी, पाणी.

निवृत्त_खडू
सुसंगत आहे म्हणूनच धोक्याचं. एकदा होडी डोक्यात बसली की तीर आपोआप काठ होतो. तिला पुन्हा जोडी बघायला सांगा. प्रत्येक ओळीत दोन वस्तू आहेत आणि दुसरी पहिलीच्या आत असते किंवा पहिलीतून बाहेर येते. उसातून रस. नदीतून पाणी. मग कमानीतून काय येतं? बाण. इथं कमान म्हणजे धनुष्य आणि तीर म्हणजे बाण. “तीरकमान” हा जोडशब्द तिनं नक्की ऐकला असेल, तो आठवून दिला की दोन्ही शब्द एकदम सुटतात.

ही ओळ मला सगळ्यांत आवडते, कारण इथलं वाकडेपण निराळं आहे. उसाचं वाकडेपण रसाला बाधत नाही, एवढंच. धनुष्याचं तसं नाही. ते वाकल्याशिवाय बाण सुटतच नाही. दोरी ओढली की धनुष्य आणखी वाकतं, आणि त्या वाकण्याच्या जोरावरच बाण सरळ जातो. बांबूच्या कांबीला सुतळी बांधून तिला करून पाहू द्या. सुतळी सैल ठेवली तर कांब सरळ राहते आणि काडी पुढ्यातच पडते. सभेत दाखवायलाही ते बरं, फक्त काडी लोकांवर सोडू नको म्हणावं.

बखरीचा_किडा
एक बारीक शंका. कमान हा फारसी शब्द. तीर हा बाण या अर्थानं तोही फारसी. चोखोबा शके १२६० मध्ये, म्हणजे इ. स. १३३८ साली गेले असं मानतात. त्या काळी पंढरपूर-मंगळवेढ्याच्या साध्या माणसाच्या तोंडी हे शब्द होते का? की ही ओळ नंतर कोणी घातली? वर तुम्हीच म्हणालात, या ओळीत एक अक्षर जास्त आहे.

निवृत्त_खडू
शंका रास्त आहे. चोखोबांचे अभंग त्यांच्या हातचे लिहिलेले नाहीत. जनाबाईंच्या अभंगात कोणत्या संताचा लेखक कोण याची यादी येते, त्यात चोखामेळ्याचा लेखक अनंतभट्ट असं म्हटलंय. त्यानंतर शतकानुशतकं हे अभंग तोंडीही फिरले. त्यात शब्द बदलला असेल. पण देवगिरीवर उत्तरेची स्वारी तेराव्या शतकाच्या अखेरची, आणि लढाईची हत्यारं आली की त्यांची नावंही लवकर येतात. एका जास्तीच्या अक्षरावरून ओळ नंतरची ठरवायला मी तयार नाही. जुन्या अभंगांत असं एखादं अक्षर इकडंतिकडं होतच असतं.

बखरीचा_किडा
मला अजून तरी ती नंतरचीच वाटते. पण नववीच्या मुलीला यात पाडू नका, एवढं मान्य.

वऱ्हाडी_ठेचा
किडेभाऊ, तुमी सप्ताहात बोलायले उभे नका राहू. आरतीले उशीर होईल.

तुळशीवृंदावन
आता तिसरी. इथं तिनं मला गप्प केलं. “आत्या, नदी वळली की पाणीबी वळतं ना? मग पाणी वाकडं नाही असं कसं?”

जळगाव_जामोद
विठ्ठलाकडं नेणारं पाणी आहे ते, भक्तीचं पाणी. त्याला वाकडं कसं म्हणणार? श्रद्धा ठेवून वाचावं, इतकी चिरफाड करू नये.

धानाची_बांधी
श्रद्धा आहेच हो. पण पोरीनं विचारलंय ते डोळ्यांनी दिसतं. उत्तर द्यावं लागेल.

खडकपूर्णा
वळण नदीच्या पात्राचं असतं, पाण्याला स्वतःचा आकारच नसतो. त्याच वळणावरचं पाणी तांब्यात घ्या. तांब्यात नदीचं वळण कुठं दिसतं का? नाही. बाहेरच्या बाजूचा तांब्या आणि आतल्या बाजूचा तांब्या शेजारी ठेवा. बाहेरच्या बाजूला धार जोराची असते, तिथं काठ कापला जातो, म्हणून ते पाणी कदाचित जास्त गढूळ दिसेल. आतल्या बाजूला वाळू बसते. पण वाकडं कोणतंच नाही. तिला सांगा, “वाहताना वळतं” आणि “वाकडं आहे” या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. “नोहे” म्हणजे “नाही” एवढंच नाही, तर “तसं ते नव्हे”. पाणी वळतं, पण वाकडं नव्हे.

आणि पंढरपुरात भीमेला चंद्रभागा का म्हणतात ते तिला ठाऊक आहे का? तिथं नदी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून. म्हणजे चोखोबांच्या डोळ्यांसमोरची नदी खरोखर डोंगी होती, आणि वारकरी तिच्याच पाण्यात न्हातात. वाकड्या नदीचं पाणी कोणी नाकारत नाही.

तुळशीवृंदावन
वा! तांब्याचं उदाहरण तिला लगेच पटलं. आमच्या घरी सध्या दोन तांबे ओसरीवर मांडून ठेवलेत, उद्या नदीवर जायचा बेत आहे.

जळगाव_जामोद
ठीक आहे, चंद्रभागेचं मला सुचलं नव्हतं.

मोझरीची_वाट
माझ्या पुतण्याला राष्ट्रसंतांचं भजन मिळालंय, त्याचा असाच अर्थ कोणी सांगेल का? मोझरीला दरवर्षी जातो आम्ही.

तुळशीवृंदावन
भाऊ, त्याचा वेगळा धागा काढा, मीही येते तिथं. इथं चौथी ओळ राहिलीय आणि तीच भारी आहे. “भाव नोहे डोंगा” यातला भाव म्हणजे तिला कापसाचा भाव वाटला होता.

वऱ्हाडी_ठेचा
कापसाचा भाव तर नेहमीच डोंगा असते बाप्पा!

निवृत्त_खडू
हे मात्र खरं! इथला भाव म्हणजे मनातली देवाबद्दलची ओढ आणि प्रामाणिकपणा. “भोळा भाव” म्हणतो त्यातला भाव. जोडी पुन्हा तशीच लावा: उसात रस, कमानीतून तीर, नदीत पाणी, आणि चोख्यात भाव. चोखा हे त्यांचं नाव. तीन ओळी वस्तूंच्या, चौथीत एकदम माणूस, आणि तोही बोलणारा स्वतः. “काय भुललासी” तीनदा ऐकताना आपण मान डोलावतो. चौथ्यांदा तेच शब्द आले की ते आपल्यालाच विचारलेले असतात. म्हणून अर्थ सांगताना धृपदाचा अर्थ पहिल्या ओळीला एकदाच सांगावा, दुसरी-तिसरीला सोडून द्यावा, आणि चौथीला परत आणावा. मुलं चारही वेळा तोच अर्थ म्हणतात आणि शेवटी लोक जांभया देतात.

बखरीचा_किडा
चोख म्हणजे शुद्ध. चोख सोनं, चोख हिशोब. “चोखा डोंगा” यात “शुद्ध माणूस तुम्हाला वाकडा दिसतो” असा श्लेष नसेल?

निवृत्त_खडू
ऐकायला छान लागतो. पण नाव नाव म्हणूनच घेतलं तरी ओळ पूर्ण होते. तिनं सांगायचं तर “असंही वाटू शकतं” म्हणून सांगावं.

टाळकरी_मंडळ
चोखोबा शरीरानं वाकडे होते का? आमच्याकडं एक महाराज तसं सांगतात.

खडकपूर्णा
शरीराचा प्रश्नच नाही. चोखोबा महार होते. त्या काळी त्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू देत नव्हते. “डोंगा” म्हणजे लोकांच्या नजरेला वाकडा, खालचा. “वरला रंग” म्हणजे जात. हे न सांगता चौथी ओळ सांगताच येत नाही.

जळगाव_जामोद
चौदा वर्षांच्या मुलीला सप्ताहाच्या मांडवात जातीचं कशाला? “बाह्यरूप बघू नका, मन बघा” एवढं पुरे. तेही खरंच आहे की.

खडकपूर्णा
खरं आहे, पण अर्धं. “मन बघा” एवढंच असतं तर उसावरच काम भागलं होतं, स्वतःचं नाव घालायची गरज नव्हती. आणि मुलं काही कालची नाहीत. नववीच्या पोरीला गावात कोण कुठं बसतं ते दिसतं.

तिला दोनच गोष्टी सांगा, पाठ करायच्या भरपूर तारखा नकोत. एक, चोखोबांचा जन्म परंपरेनं आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुण्याचा मानतात. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात तो त्यामुळंच. दोन, मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, आणि समाधी झाली ती देवळाच्या महाद्वारासमोर. आत नाही. दलितांसाठी ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं ते १९४७ च्या मे महिन्यात. १९४७ मधून १३३८. वजाबाकी तिलाच करू द्या.

तुळशीवृंदावन
६०९. तिनं दोनदा करून पाहिली.

जळगाव_जामोद
हम्म. सांगा मग. पण कोणाला बोचेल असं नको.

खडकपूर्णा
बोचेल असं चोखोबांनीच फारसं ठेवलेलं नाही. त्यांच्या मुलाचं वाचा. कर्ममेळा म्हणतो, “आमुची केली हीन याती, तुज कां न कळे श्रीपती”. बाप ऊस-नदीचा दाखला देऊन बोलतो, मुलगा थेट देवाला धरतो.

तूरडाळ
इतका वेळ वाचत होते. मला एक अडतं. “चोखा डोंगा” म्हणजे त्यांनी स्वतःला वाकडं मान्य केलं असं नाही का होत? ऊस खरंच वाकडा असतो, नदीही. मग त्याच रांगेत “चोखा डोंगा” आलं की तेही खरंच ठरतं. मला ही ओळ आवडत नाही त्यामुळं.

निवृत्त_खडू
तुमचा मुद्दा व्याकरणानं खोडता येत नाही, तूरडाळताई. चारही वाक्यांची घडण एकच आहे. मी ते “तुम्हाला मी डोंगा दिसतो, बरं तसं धरा, पण...” असं वाचतो. म्हणजे समोरच्याचंच बोलणं क्षणभर उचलून त्याच्यावर उलटवणं. पण “तुम्हाला दिसतो” हे शब्द अभंगात नाहीत, ते मी घातले.

तूरडाळ
तेच म्हणते मी. मुलीनं कोणतं सांगायचं ते तिनं ठरवावं.

खडकपूर्णा
आणखी एक, रंगाबद्दल. चोखोबांच्या घरात रंग हा शब्द दोन तऱ्हेनं आलाय. इथं रंग म्हणजे वरचं रूप, फसवणारं. आणि त्यांची पत्नी सोयराबाई म्हणतात, “अवघा रंग एक झाला, रंगी रंगला श्रीरंग”. तिथला रंग आतबाहेर सगळं एक करून टाकतो. तिला हा दुसरा अभंग नक्की ऐकून माहीत असेल. “वरला” हा शब्द किती महत्त्वाचा आहे ते त्यावरून कळेल. चोखोबांचं भांडण रंगाशी नाही, वरल्या रंगाशी आहे.

तुळशीवृंदावन
सगळ्यांचं वाचून तिनं पुन्हा लिहिलं. मी फक्त शुद्धलेखन पाहिलं. धृपदाचा अर्थ तिनं खडू सरांच्या सांगण्याप्रमाणे दोनदाच ठेवलाय:

“ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो. मी लोळलेल्या उसाचं बोलत नाही, काकाजी, वाकलेल्याचं बोलते. मग वरच्या दिसण्याला तू का फसलास? धनुष्य वाकडं असतं पण बाण वाकडा नसतो. उलट धनुष्य वाकलं नाही तर बाण जातच नाही. नदी वाकडी असते, आपली चंद्रभागाही चंद्रकोरीसारखी आहे, पण तिचं पाणी तांब्यात घेतलं तर वाकडं दिसत नाही. तसा हा चोखा. लोक त्याला वाकडा म्हणाले, देवळाबाहेर ठेवलं. पण त्याच्या मनातली देवाची ओढ वाकडी नव्हती. ते दार त्याच्या लोकांसाठी ६०९ वर्षांनी उघडलं. आता सांगा, वरच्या रंगाला काऊन भुललास?”

पुसद_रोड
काकाजी म्हणजे मीच का?

निवृत्त_खडू
हे मोजून एक-सव्वा मिनिटाचं आहे. पाच मिनिटं म्हणजे सावकाश बोलून साडेचारशे-पाचशे शब्द. वाढवायचं तर शब्द फुगवू नका. बांबूचं धनुष्य आणि दोन तांबे दाखवण्यात वेळ भरेल. एकच दुरुस्ती: “लोक त्याला वाकडा म्हणाले” हे ठामपणे आलंय, आणि तूरडाळताईंचं म्हणणं अजून उभं आहे.

तुळशीवृंदावन
ते तिला सांगितलं. ती म्हणाली, राहू दे, मला तसंच वाटतं. पण आज रात्री तिनं नवीनच काढलं: “फसलास, भुललास... हा ‘तू’ कोण? गावातल्या लोकांना म्हणायचं तर ‘भुललात’ पाहिजे होतं ना?”

बखरीचा_किडा
अभंगात लोकांनाही “तू” म्हणतात. स्वतःच्या मनालाही.

जळगाव_जामोद
आणि देवालाही तूच म्हणतात.

तुळशीवृंदावन
तेच तिनं पकडलं. “देवाला म्हणत असतील तर? देवळात आहे तोच, आणि आत येऊ देत नाही तोही तोच.” मी म्हटलं, देव कशाला रंगाला भुलेल. तर म्हणाली, मग कर्ममेळा कोणाला विचारतो?

खडकपूर्णा
तिला हे सभेत बोलू द्या.

जळगाव_जामोद
बोलू द्या.

सूरपेटी
बरं, मग काळी दोन ठरली का?